घरच्या कार्याचा खर्च: आधी यादी, मग वाटणी

बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब आपण चारचौघींत मोकळेपणाने बोलतो. पण घरच्या कार्याचा खर्च दिराला आणि जावेला मागायची वेळ आली की जीभ जड होते. मागितलं तर वाटतं, आपण त्यांना चिकट म्हणतोय असं त्यांना वाटेल. नाही मागितलं तर सगळा भार आपल्यावर येतो आणि तो राग पुढे वर्षभर पुरतो. आज आम्ही एकच कार्य घेऊन बोलणार आहोत: सासूबाईंचं वर्षश्राद्ध. लग्नाचा खर्च ज्याच्या घरचं लग्न त्याचा असतो, पण आई सगळ्या भावांची. म्हणून इथे वाटणीचा प्रश्न हमखास येतो.

आधी बघू, माणूस दुखावतो कशाने. पैसे मागितल्याने तो सहसा दुखावत नाही. खर्च होऊन गेल्यावर मागितले की दुखावतो. कार्य पार पडतं, पाहुणे जातात आणि चार दिवसांनी आपण फोन करतो, "भावजी, पन्नास हजार झाले, तुमच्याकडे सतरा येतात." आता त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात: मुकाट्याने द्यायचे किंवा "एवढे कसे झाले?" म्हणून विचारायचं. विचारलं की ते चिकट ठरतात आणि आपण लबाड ठरतो. किती लोक बोलवायचे, मंडप केवढा घालायचा, हे ठरवताना त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. ज्याला ठरवण्यात वाटा नाही, त्याला भरण्यातला वाटा दंडासारखा वाटतो.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. वर्षश्राद्ध तिथीवर येतं, त्यामुळे मागच्या वर्षीची कॅलेंडरची तारीख धरून चालू नका. भटजींकडून तिथी काढून घ्या आणि कार्याच्या महिना-दीड महिना आधी बोलणं काढा. तोवर कुणालाही इसार दिलेला नसावा. आचाऱ्याला इसार देऊन मग विचारलं तर ते विचारणं राहत नाही, नुसतं कळवणं होतं.

दुसरी गोष्ट, रकमेच्या आधी यादी. कागदावर कामं लिहा, त्यापुढे अंदाजे खर्च लिहा. मंडपवाल्याला आणि आचाऱ्याला आधी भाव विचारून ठेवा, म्हणजे आकडे हवेतले राहणार नाहीत. मग दोन्ही घरांना एकाच वेळी फोन लावा आणि नवरा-बायको दोघांनाही ऐकू येईल असा स्पीकरवर ठेवा. जावेने जावेला सांगायचं, तिने नवऱ्याला आणि त्याने भावाला, असा निरोप तीन घरं फिरला की त्याचा टोमणा होतो. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नावापुढे रक्कम लिहून टाकू नका. तिथे नणंदा, जावई, भाचे सगळे वाचतात. चारचौघांत आकडा दिसला की कमी देणाऱ्याची मान खाली जाते.

आता एक घर डोळ्यासमोर आणू. तीन भाऊ आहेत. थोरले पुण्याला कंपनीत, मधले गावी शेती करतात, धाकटे तालुक्याला भाड्याचा टेम्पो चालवतात. कार्य गावी, म्हणजे मधल्यांच्या दारात. मधल्या जावेने 200 माणसांची यादी केली. किराणा आणि भाजी 16,000. आचारी 6,000. मंडप, खुर्च्या, भांडी 7,000. कीर्तनकार महाराज आणि साउंड 5,000. विधीचं सामान आणि दक्षिणा 2,000. पाणी, गॅस, पत्रावळी 3,200. आणि एक ओळ जी बहुतेक घरांत लिहिलीच जात नाही: निवडणं-टिपणं आणि आवराआवर करायला दोन बायांची दोन दिवसांची मजुरी, 400 रुपयांप्रमाणे 1,600. एकूण झाले 40,800. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, रीत तीच.

ती मजुरीची ओळ का? कार्य ज्याच्या दारात, त्या घरच्या बाईचे आठ दिवस जातात. ते कुणी मोजत नाही आणि मग ती मनातल्या मनात मोजत बसते. ते काम बोलण्यात आलं की शहरातली जाऊ म्हणू शकते, "आम्ही दोन दिवस आधी येतो, बाया नका लावू." तसं झालं तर 1,600 वाचले आणि मनातली अढीही राहिली नाही.

फोनवर ती काय बोलली, ते शब्द महत्त्वाचे. "भावजी, आईंचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात येतंय. कसं करायचं ते तिघांनी मिळून ठरवू. मी अंदाजाची यादी केलीय, ती वाचते. यात काय ठेवायचं, काय कमी करायचं, ते तुम्ही सांगा." इथे तिने कुणाला पैसे मागितले नाहीत, मत मागितलं. यादी ऐकल्यावर वाटणीची गोष्ट समोरूनच निघते.

तिन्ही घरांत सारखी वाटणी केली तर 13,600 येत होते. धाकटे गप्प राहिले. ही गप्प बसण्याची जागा ओळखायला शिका. हो नाही, नाही नाही, नुसतं "बघू" म्हणतात. बहुतेक वेळा त्यामागे चिकटपणा नसतो, खिसा नसतो. अशा वेळी "तुमचं काय म्हणणं?" असं त्यांना एकट्याला विचारायचं नाही. आधी खर्च खाली आणायचा. मधलीने म्हटलं, "200 माणसं जास्त होतात. भावकी आणि जवळचे पाहुणे धरले तर 150 होतील." माणसं कमी झाली की किराणा 12,000 वर आला, पाणी-पत्रावळी 2,400 वर. आचारी आणि मंडपात फारसा फरक पडत नाही, म्हणून तो धरला नाही. एकूण 36,000 झाले. खर्च कमी केला तो सगळ्यांचा म्हणून. धाकट्यांसाठी केला असं कुणी बोललं नाही.

मग प्रत्येकाने आपापली कामं उचलली. थोरले म्हणाले, "मंडप, आचारी आणि विधीचं माझ्याकडे." ते 15,000 झाले. धाकटे म्हणाले, "महाराज, साउंड, पाणी-गॅस आणि बायांची मजुरी मी बघतो." ते 9,000 झाले. मधल्यांकडे किराणा राहिला, 12,000. त्यातला 15 किलो तांदूळ, 20 किलो गहू आणि 6 किलो तूरडाळ घरची होती. तिचा बाजारभाव साधारण 2,100 धरला, म्हणजे रोख घालायचे राहिले 9,900. घरचं धान्य असं मोजून लिहायचं. "शेतातलंच आहे, त्याला काय" म्हणून सोडलं तर ते भांडणाच्या दिवशी बाहेर येतं.

कामं वाटण्याचा फायदा असा की कुणाचा वाटा किती टक्के हे कुठे लिहिलेलं राहत नाही. थोरल्यांनी जास्त उचललं, धाकट्यांनी कमी, पण दोघांकडेही मान असलेलं काम आहे. धाकट्यांकडे नुसतं पाणी आणि गॅस ठेवलं असतं तर ते उष्टं काढायला लावल्यासारखं झालं असतं. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला दिसणारं एक काम यावं. एक गोष्ट मात्र तेव्हाच बोलून घ्या: ठरल्यापेक्षा खर्च वाढला तर ती वाढ तिघांत वाटायची. नाहीतर ज्याच्याकडे किराणा तो अडकतो.

काही खर्च मात्र वाटणीत घ्यायचाच नाही. थोरल्यांना फोटोचा मोठा फ्लेक्स लावायचा आहे, कुणाला आपले वीस मित्र जेवायला आणायचे आहेत, तर ज्याची हौस त्याचा खर्च. नणंदेचा आणि जावयाचा आहेर तिघांकडून एकच द्यायचा की आपापला, हेही आधी ठरवा. एकीने हजाराचं लुगडं आणि दुसरीने तीनशेचं, हे मांडवात सगळ्यांच्या नजरेला येतं. नणंदेला यादी वाचून वाटा मागू नये. "ताई, तुम्हाला आईंसाठी काही करावंसं वाटतं का?" एवढं विचारावं आणि ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडावा.

आता काय बोलू नये ते. "तुम्हाला काय कमी आहे?" हे कौतुक नाही, टोमणा आहे. शहरातल्या घराचं भाडं आणि कर्जाचे हप्ते आपल्याला दिसत नाहीत. "जमेल तेवढं द्या" हे ऐकायला गोड लागतं, पण ऐकणाऱ्याला कळत नाही की किती दिले म्हणजे पुरे. त्याने दिले त्यापेक्षा आपल्या मनात जास्त असतील तर तो न सांगता चिकट ठरतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "असू द्या, आम्ही करतो." खरंच करायचं असेल तर जरूर म्हणा, पण मग पुन्हा तो विषय काढू नका.

समोरून कधी उत्तर येतं, "आईच्या दवाखान्याचे पैसे आम्हीच भरले होते." त्यावर वाद घालू नका. ते खरं असेल तर म्हणा, "हो, ते तुम्ही केलंत, आम्हाला ठाऊक आहे. आज फक्त या कार्याचं ठरवू." जुना हिशोब नव्या वहीत ओढला की दोन्ही अर्धवट राहतात.

पैसे यायला उशीर झाला तर देणं आठवू नका, काम आठवा. "भावजी, आचाऱ्याला शुक्रवारी इसार द्यायचाय, म्हणून फोन केला." आणि ज्या कामाचं कुणी नक्की बोललं नाही, त्याचा इसार देऊ नका. पैसे नसतील तर ते काम गाळा. कीर्तन नसलं तरी श्राद्ध होतं.

कार्य झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, थोरल्यांनी पुण्याची गाडी पकडण्याआधी, वही उघडा. आपल्या गटाच्या रोजकीर्दीसारखंच, पावत्या एका पिशवीत आणि खर्च ओळीने. कुणी विचारण्याआधी आपणच वाचून दाखवा. हजार-दोन हजार उरले तर ते परत करा किंवा पितृपंधरवड्यासाठी ठेवायचे का ते तिघांना विचारा.

हे सगळं जमतं ते बोलणं चालू असलेल्या घरात. जिथे जमिनीच्या वाटणीचा वाद पेटलेला आहे, तिथे वर्षश्राद्धाची यादी घेऊन बसू नका. त्या यादीतली प्रत्येक ओळ जमिनीवर जाऊन थांबेल. तिथे भटजी, घरचे आणि नैवेद्याचं ताट एवढ्यावर कार्य करावं, आपल्या खिशातून करावं आणि भावांना जेवायला मात्र जरूर बोलवावं.