नकारानंतरचा पहिला मेसेज

ठरवून केलेल्या लग्नात नकार कसा द्यायचा, याची रीत आपल्याकडे फार पूर्वीपासून बसलेली आहे. कांदेपोहे होतात, दोन-तीन दिवस जातात आणि मध्यस्थांचा फोन येतो, 'पत्रिका जुळत नाही म्हणाले.' पत्रिका आधीच पाहून झाली होती, हे दोन्ही घरांना ठाऊक असतं. तरीही कुणी उलट फोन करून 'खरं कारण सांगा' असा आग्रह धरत नाही. थोडं हिरमुसायला होतं आणि घर पुढच्या स्थळाकडे वळतं. या रिवाजाने अनेक मुलींना पुन्हा पुन्हा अपमान सोसायला लावला आहे, तेव्हा त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण नकार देणाऱ्याने काय बोलायचं आणि ऐकणाऱ्याने काय बोलायचं नाही, हे त्यात सगळ्यांना माहीत असतं.

आपणहून कुणी आवडलं आणि ते सांगितलं, तर मध्ये कुणीच नसतं. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांनी स्वतःच्या आयुष्यातले दोन्ही बाजूंचे अनुभव लिहून दिले होते, जीव लावलेल्यांचे आणि नकार दिलेल्यांचे. ज्यांनी जीव लावला होता त्यांना वाटत होतं, की ओढ दोन्हीकडून होती, आपल्याला आशेला लावलं गेलं आणि स्पष्ट नकार कधी मिळालाच नाही. नकार देणारे मात्र समोरच्याला हट्टी आणि स्वतःचीच समजूत घालणारा ठरवत होते. आपली काही चूक नाही असं त्यांना वाटत होतं, तरी कुणाला दुखावल्याची टोचणी होतीच. काय बोलायचं हे माहीत नसणं, ही नकार देणाऱ्यांची मोठी अडचण या अभ्यासात दिसते. म्हणून नकार बहुतेक वेळा मऊ शब्दांत गुंडाळून येतो. ऐकणारा ते मऊ शब्दच घट्ट धरून बसतो आणि तिथूनच घासाघीस सुरू होते.

एक प्रसंग घेऊ. समजा, पुण्यातल्या एका कंपनीत दोघं एकाच टीममध्ये आहेत. वर्षभर रोज चार वाजता टपरीवर चहा, सुट्टीच्या दिवशी मीम्सची देवाणघेवाण, एकदा ताप आला तेव्हा तिने डब्यातून आणलेली खिचडी. शुक्रवारी रात्री तो धीर करून लिहितो, की तू मला आवडतेस. शनिवारी सकाळी तिचं उत्तर येतं. 'अरे, मेसेज वाचला. तू खूप चांगला आहेस आणि आपली मैत्री मला खरंच महत्त्वाची आहे. पण मी तुझ्याकडे तसं कधी पाहिलं नाही. आणि सध्या माझ्या डोक्यात हा विषयच नाहीये. प्लीज वाईट वाटून घेऊ नकोस.'

या उत्तरात नकार एकाच वाक्यात आहे, 'तसं कधी पाहिलं नाही.' बाकीची वाक्यं तो सुसह्य व्हावा म्हणून घातलेली आहेत. ती खोटी नाहीत, पण ती उत्तर नव्हेत. तो मात्र दिवसभर 'सध्या' या शब्दापाशी अडकतो. सध्या नाही म्हणजे पुढे कधीतरी असेल. मैत्री महत्त्वाची आहे म्हणजे मला गमवायला ती तयार नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्या डोक्यात एक वेगळाच मेसेज तयार होतो, जो तिने लिहिलेलाच नव्हता.

मग त्याची बोटं टाइप करायला लागतात. पहिला मसुदा समजूतदार वाटतो, 'काही घाई नाही, मी वाट बघेन.' वाचायला गोड असलं, तरी तिने मिटवलेला विषय तो उघडा ठेवू पाहतो आहे आणि यापुढचा प्रत्येक चहा तिला या वाट पाहण्याच्या ओझ्याखाली प्यावा लागेल. दुसरा मसुदा म्हणतो, 'ठीक आहे, फक्त एक खरं कारण सांग.' मला हा सगळ्यात फसवा वाटतो, कारण मागणारा स्वतःही मानतो, की आपल्याला फक्त कळून घ्यायचं आहे. पण कारण मिळालं की ते खोडता येतं. ती म्हणाली घरचे ऐकणार नाहीत, तर मी बोलतो त्यांच्याशी. ती म्हणाली करिअर, तर मी कुठे आड येतोय. आणि 'तसं वाटत नाही' यामागे सांगण्यासारखं दुसरं कारण बहुधा नसतंच.

रात्री अकरानंतर तिसरा मसुदा येतो, 'मग वर्षभर एवढं बोलायचीस कशाला? खिचडी कशाला आणलीस?' चहा, गप्पा आणि खिचडी ही जणू उसनवारी होती आणि आता तिची वसुली चालली आहे. विनवणीचा मेसेज आणि कडवट मेसेज आपण एकमेकांच्या विरुद्ध समजतो, पण दोन्हींत तिच्याकडे काहीतरी मागितलेलं असतं. एकात होकार, दुसऱ्यात अपराधीपणा. म्हणूनच एकच माणूस तासाभरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो. 'तू सुखी राहा, मी आता कुणावर विश्वास ठेवणार नाही' हा निरोपही त्यातलाच. तो वाचल्यावर तिने धावत येऊन समजूत घालावी अशी त्यात अपेक्षा असते.

त्याने पाठवावं असं उत्तर छोटं आहे. 'स्पष्ट सांगितलंस, बरं केलंस. थोडं वाईट वाटलंय, पण ते माझं मी बघेन. हा विषय पुन्हा काढणार नाही आणि कामात काही फरक पडू देणार नाही. यावर उत्तर द्यायची गरज नाही.' पहिल्या वाक्याने तिचा नकार पोहोचल्याची पावती मिळते. नेमकी हीच पावती न मिळाल्यामुळे नकार देणाऱ्याला पुन्हा पुन्हा आणि अधिकाधिक कडक शब्दांत बोलावं लागतं. वाईट वाटल्याचं लपवायची गरज नाही, कारण 'छे, मी सहजच म्हटलं होतं' हे तिला खरं वाटणार नाही. मात्र ते दुःख सांभाळायचं काम तिच्यावर टाकलेलं नाही. विषय पुन्हा काढणार नाही म्हटल्यामुळे सोमवारी ऑफिसात पाऊल ठेवताना तिच्या पोटात गोळा येणार नाही. 'लगेच पहिल्यासारखे मित्र राहू' असं आश्वासन त्यात मुद्दाम नाही, कारण ते आज त्याच्याकडून पाळलं जाणार नाही.

हे कळूनही हात आवरत नाही, त्याला शरीराचंही कारण आहे. हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुकतीच साथ सुटलेल्या पण अजून प्रेमात असलेल्या १५ जणांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवून त्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली. मेंदूचे जे भाग बक्षिसाची ओढ लावतात आणि व्यसनाच्या तलफेत पेटतात, ते तेव्हा जागे झालेले दिसले. ती नाती तुटलेली होती, इथे नातं जुळलंच नाही, तेव्हा दोन्ही एकच मानायचं कारण नाही. तरी मध्यरात्री तिचं लास्ट सीन पाहायला उठणारा हात मला त्या तलफेचाच वाटतो. तलफ भरतीसारखी येते आणि ओसरते. त्यामुळे रात्री लिहिलेला मेसेज सकाळी नाश्ता झाल्यावर वाचायचा हा साधा नियम खरोखर उपयोगी पडतो. मसुदा व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमध्ये लिहूच नये, वहीत लिहावा, म्हणजे चुकून अंगठा लागायची भीती नाही.

पुढचे आठवडे त्या रात्रीपेक्षा अवघड असतात. समजा, पंधरा दिवसांनी ती त्याच्या ट्रेकच्या फोटोला लाइक देते आणि विझलेली आशा पुन्हा उठून बसते. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत दिसलं होतं, की दर वेळी दाणा मिळत राहिला आणि मग बंद झाला, तर प्राणी कळ दाबणं लवकर सोडतो. पण दाणा अधूनमधून, कधी मिळेल ते न कळता मिळत असला, तर बंद झाल्यावरही तो कितीतरी जास्त वेळ कळ दाबत राहतो. लाइक, एखादी स्माइली, मीटिंगमधलं हसू हे असेच अधूनमधून पडणारे दाणे आहेत. तिने ते मुद्दाम टाकलेले नसतात, ती नेहमीसारखी वागते आहे. म्हणून काही दिवस तिचे स्टेटस म्यूट करणं, जुनं चॅट अर्काइव्हमध्ये टाकणं आणि चारच्या चहाला दुसऱ्या गटाबरोबर जाणं त्याच्या हिताचं. हे गाजावाजा न करता करायचं. 'मी तुला म्यूट करतोय' असं कळवणं म्हणजे पुन्हा एक मेसेजच झाला.

आणि 'सध्या'चं काय? समजा तिचं मन खरंच बदललं. त्याच्या मनात काय आहे हे तिला माहीत आहे, त्याचा नंबर तिच्याकडे आहे, तो रोज दहा पावलांवर बसतो. तिला काही सांगायचं असेल, तर त्याच्या आठवणीची गरज नाही. त्याने पुन्हा विचारल्याने नवी माहिती पोहोचत नाही, फक्त दबाव पोहोचतो. तो तिच्या जवळच्या मैत्रिणीकडून 'जरा विचारून बघ ना' म्हणून पोहोचवला, तरी दबावच.

इथे कायदाही येतो. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत पाठलागाचा गुन्हा जोडला गेला आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने नाराजी स्पष्ट दाखवल्यावरही जवळीक साधण्यासाठी तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क करणं किंवा तसा प्रयत्न करणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हे त्यात येतं. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकदा भावना सांगणं हा गुन्हा नाही. कायद्याची भाषा पुरुषाने स्त्रीला दिलेल्या त्रासाबद्दल आहे, पण नकार मिळालेल्या मुलीने मुलाला रात्री-अपरात्री पाठवलेले लांबलचक मेसेजही त्याला तितकाच जाच देतात.

घासाघिशीचं सगळ्यात क्रूर रूप म्हणजे 'मी जिवाचं काही बरंवाईट करून घेईन.' तो विचार मनात खरोखर येत असेल, तर तो लपवायचा नाही, पण सांगायचा तिला नाही. घरातल्या मोठ्या माणसाला, जवळच्या मित्राला सांगावा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करावा. झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं, तरी डॉक्टरांना दाखवावं.

कडवट मेसेज आधीच गेला असेल, तर तो डिलीट करून फारसं साधत नाही, कारण बहुतेकदा तो वाचून झालेला असतो आणि जागेवर उरलेली 'डिलीट केला' ही ओळ त्याहून जास्त घाबरवते. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी एकदाच लिहावं, 'काल जे लिहिलं ते चुकीचं होतं, तुझा काही दोष नव्हता. माफ कर. पुन्हा असं होणार नाही.' आपण किती दुखावलो होतो याची सफाई त्यात जोडू नये, कारण मग ती माफी न राहता पुन्हा तक्रार होते. आणि तिने ब्लॉक केलं असेल, तर ही माफी दुसऱ्या नंबरवरून, ऑफिसच्या ईमेलवरून किंवा कुणाच्या हाती चिठ्ठी देऊनही पाठवू नये.