शेवटच्या रांगेतून ‘ब’ आणि ‘व’
सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्यांची कुरबुर ठरलेली असते: पडद्यावर काहीतरी आहे खरे, पण वाचता येत नाही. स्लाइड करणाऱ्याला ती लॅपटॉपवर झकास दिसलेली असते, कारण त्याचे डोळे पडद्यापासून दीड हातावर असतात.

नजर पूर्ण चांगली असेल, तर डोळ्यांच्या तक्त्याच्या हिशेबाने २० मीटरवरून साधारण ३ सेंटिमीटर उंचीचे अक्षर कसेबसे ओळखता येते. विनासायास वाचायचे तर त्याच्या तिप्पट तरी उंची हवी. म्हणून फलक रंगवताना एक ठोकताळा वापरतात: अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी. २० मीटरला १० सेंटिमीटर.

आता हे स्लाइडवर बसवू. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड ५४० पॉइंट उंच असते. पडदा १.८ मीटर उंच असेल, तर एक पॉइंट म्हणजे साधारण ३.३ मिलिमीटर. म्हणजे १० सेंटिमीटरच्या अक्षराला ३० पॉइंट लागतात. पण फॉन्टचा आकार म्हणजे अक्षराची उंची नव्हे. त्यात वरची वेलांटी आणि खालचा उकार यांची जागाही धरलेली असते. शिरोरेघेपासून खालपर्यंतचा ‘क’ बऱ्याच फॉन्टांत आकाराच्या निम्म्याहून थोडाच जास्त भरतो. त्यामुळे मजकूर ५० पॉइंटच्या आसपास न्यावा लागतो. ओळींमध्ये मोकळी जागा सोडली, की शीर्षकाखाली जेमतेम पाच ओळी मावतात. नेहमीच्या २४ पॉइंटात मागच्यांना डोळे ताणावे लागणार, हे उघड आहे.

देवनागरीत फरक बारीक जागी असतो. ‘बारा’ आणि ‘वारा’ यांत पोटातली एक तिरकी रेघ, ‘घर’ आणि ‘धर’ यांत डोक्यावरची शिरोरेघ कुठे तुटते एवढेच. बारीक रेघांचा फॉन्ट प्रोजेक्टरच्या उजेडात इथेच दगा देतो.

म्हणून जोडी निवडताना मजकुराचा फॉन्ट आधी ठरवावा: सारख्या जाडीच्या रेघांचा, पोट मोकळे असलेला. मुंबईच्या एक टाइपचा मोफत मिळणारा ‘मुक्त’ मध्यम जाडीत असे काम करतो. त्यात रोमन अक्षरेही असल्याने मध्येच आलेला इंग्रजी शब्द उपरा वाटत नाही. शीर्षकाला त्याच संस्थेचा गुबगुबीत ‘बलू २’ ठळक जाडीत शोभतो आणि मजकुरापासून लगेच वेगळा ओळखू येतो. नाजूक वळणाचा फॉन्ट हवाच असेल, तर तो शीर्षकातल्या दोन-तीन मोठ्या शब्दांपुरता ठेवावा.

सभागृहाच्या संगणकात हे फॉन्ट नसले, तर तो परस्पर दुसरा फॉन्ट लावतो आणि ओळी विस्कटतात. पीडीएफ नेली, की हा धोका टळतो.

चाचणी घरीच होते. वरच्या उदाहरणात शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सुमारे ११ पट दूर आहे. लॅपटॉपचा पडदा १९ सेंटिमीटर उंच असेल, तर स्लाइड पूर्ण पडद्यावर लावून सात फुटांवर उभे राहावे. तिथून ‘बारा’चा ‘वारा’ झाला, तर आधी रेघा जाड कराव्यात, मग आकार वाढवावा आणि न मावणाऱ्या ओळी पुढच्या स्लाइडवर न्याव्यात.