अकरा मिनिटं आणि एक खोली

कलाप्रदर्शनाच्या बऱ्याच परीक्षणांत व्हिडिओ मांडणशिल्पाची गोष्ट सांगितलेली असते आणि सोबत एक झकास फोटो असतो. त्या खोलीत नेमकं काय घडत होतं, हे मात्र वाचून कळत नाही.

नलिनी मलानी यांचं ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ घ्या. कराचीत १९४६ साली जन्मलेल्या आणि मुंबईच्या ‘जे. जे.’त शिकलेल्या मलानींनी हे काम २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेल इथे ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात मांडलं. अंधाऱ्या खोलीत पारदर्शक प्लास्टिकचे पाच मोठे दंडगोल छताला टांगलेले असतात आणि ते संथपणे फिरत राहतात. त्यांच्यावरची चित्रं पृष्ठभागाच्या मागच्या बाजूने, म्हणजे उलटी रंगवलेली आहेत. या पद्धतीत बारीक रेषा आधी काढायच्या आणि पार्श्वभूमी शेवटी भरायची. सहा प्रोजेक्टरांचा प्रकाश या दंडगोलांतून आरपार जातो, त्यामुळे भिंतीवरच्या चलच्चित्रावर चित्रांच्या सावल्या सरकत जातात. सोबत ध्वनी आहे. महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ आणि ख्रिस्टा वोल्फ यांची ‘कॅसांड्रा’ या कामामागे आहेत. शीर्षक फैज यांच्या कवितेवरून घेतलेलं आहे.

आता हे लिहायचं कसं? व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे आणि तो संपला की पुन्हा सुरू होतो. प्रेक्षक मात्र कधीही आत शिरतो. एकाची सुरुवात दुसऱ्याचा मध्य असते, म्हणून ‘शेवटी अमुक दिसतं’ असं लिहिण्याआधी तो शेवट व्हिडिओचा की आपण बाहेर पडलो त्या क्षणाचा, हे तपासावं लागतं. शिवाय प्रतिमा चहूबाजूंनी येतात. एका भिंतीकडे पाहताना पाठीमागची भिंत सुटते. ती कोणती, हेही लिहायला हवं.

फोटो इथे खास फसवतो. त्यात सावली एका जागी थांबते आणि सगळं काम एखाद्या सुंदर रंगीत भित्तिचित्रासारखं दिसतं. प्रत्यक्षात एखाद्या प्रतिमेवर दुसरीची सावली येते आणि निघून जाते. अर्थ त्या येण्याजाण्यात असतो, असं मला वाटतं. म्हणूनच नुसतं ‘स्त्रीवरच्या हिंसेचं चित्रण’ म्हणून मोकळं होणं मला आळशीपणाचं वाटतं. तेवढं तर प्रवेशद्वारावरची पाटीही सांगते.

माझ्या मते निदान दोन फेऱ्या पाहाव्यात. पहिलीत काहीच टिपू नये, दुसरीत एकाच जागी उभं राहून काय कशानंतर आलं ते टिपावं. पाटीवर कालावधी लिहिलेला असतो. तो आधी वाचा आणि तेवढा वेळ हाताशी नसेल, तर त्या कामावर लिहू नका.