वाळूत टप्पा नाही

टेनिसचा चेंडू कोरड्या, मऊ वाळूत वरून सोडून बघा. धप्प आवाज होतो, छोटा खळगा पडतो आणि चेंडू तिथेच बसतो. बीच टेनिसचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघाले आहेत. टप्पा पडणारच नसेल तर टप्प्यानंतर चेंडू मारण्याची सोयही उरत नाही. म्हणून इथे चेंडू हवेतच परतवावा लागतो. वाळूला टेकला की गुण गेला.

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, राव्हेन्ना शहराच्या आसपासच्या पुळणींवर हा खेळ वाढला. उन्हाळ्यात समुद्रावर आलेली माणसं लाकडी फळ्यांनी चेंडू टोलवायची, त्याला हळूहळू जाळी, रेषा आणि गुण मिळाले. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने हा खेळ आपल्या छत्राखाली घेतला आणि आज स्पर्धांमध्ये चालणारे नियम त्याच महासंघाचे आहेत.

दुहेरीचं मैदान १६ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं. बीच व्हॉलीबॉलचंही माप हेच आहे, त्यामुळे एकाच आखणीवर दोन्ही खेळ होऊ शकतात. टेनिसचं दुहेरीचं कोर्ट २३.७७ बाय १०.९७ मीटर, म्हणजे क्षेत्रफळाने याच्या दुपटीहून थोडं मोठं. टेनिसमध्ये चेंडू एक टप्पा घेतो तेवढ्या वेळात खेळाडू धावत पोहोचतो. वाळूत तो वेळ मिळत नाही आणि पायही रुततात. दोघांना एवढंच मैदान राखणं जमतं.

जाळी मात्र उलट उंच आहे. टेनिसची जाळी मध्यभागी जेमतेम ९१ सेंटिमीटर असते. इथे ती १.७० मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या जाळीपेक्षाही वीतभर उंच. ती टेनिसइतकी बुटकी ठेवली असती तर पहिल्याच जोरकस फटक्यात रॅली संपली असती, कारण समोरच्याला चेंडू जमिनीवर पडण्याआधी गाठायचा आहे. खेळाचा वेग उंच जाळी आवरते आणि चेंडूही आवरतो. लहान मुलांना टेनिस शिकवताना नारिंगी रंगाचा, कमी दाबाचा जो मऊ चेंडू वापरतात, तोच इथे चालतो. रॅकेटला तारा नसतात. ती भोकं पाडलेली सलग फळी असते, जास्तीत जास्त ५० सेंटिमीटर लांब.

टेनिस बघत आलेल्या माणसाला सर्वांत जास्त गोंधळात टाकते ती सर्व्हिस. इथे सर्व्हिस बॉक्सच नाही. बेसलाइनच्या मागून मारलेला चेंडू समोरच्या अर्ध्या मैदानात कुठेही चालतो. दुसरी सर्व्हिस मिळत नाही, चुकली की गुण प्रतिस्पर्ध्याचा. चेंडू जाळीला घासून पलीकडे गेला तर टेनिसमध्ये ‘लेट’ म्हणून पुन्हा मारायला देतात. इथे खेळ चालूच राहतो. आणि समोरच्या जोडीपैकी कोणीही चेंडू परतवू शकतं, आलटून पालटून घेण्याचं बंधन नाही. जाळीला लागून टपकन खाली येणारा चेंडू घ्यायला कोणी पुढे हवं आणि लांबचा घ्यायला कोणी मागे, म्हणून परतवणारी जोडी उभं राहण्याची जागा आधीच ठरवून घेते.

सर्व्हिस डोक्यावरून मारा किंवा हात खालून आणून मारा, एरवी दोन्ही चालतं. मिश्र दुहेरीत मात्र पुरुषाने हात खालून आणूनच सर्व्हिस करायची असा नियम आहे. ही नुसती सभ्यता नाही, त्यामागे सरळ हिशेब आहे.

हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवू. खेळाडूने २.४० मीटर उंचीवर, हात वर ताणून, चेंडू अगदी आडवा मारला असं धरा. आठ मीटरवरच्या जाळीपर्यंत चेंडू ७० सेंटिमीटरच खाली यायला हवा. त्यासाठी वेग लागतो ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास. तसा मारलेला चेंडू पाऊण सेकंदाच्या आत समोरच्या वाळूवर आदळतो. आता तोच खेळाडू हात खालून आणून कमरेच्या खाली, समजा ७० सेंटिमीटरवर चेंडू मारतो. जाळी ओलांडायला चेंडू आधी मीटरभर वर चढलाच पाहिजे, मग खाली उतरणार. तो दोन मीटरच्या आसपास चढून समोरच्या बेसलाइनजवळ पडेपर्यंत जवळजवळ सव्वा सेकंद जातो. हा अर्ध्या सेकंदाचा फरक फार मोठा आहे. तेवढ्यात परतवणारी खेळाडू वाळूत दोन पावलं टाकते आणि रॅकेट चेंडूसमोर आणते. शिवाय चेंडू वर चढूनच आल्यामुळे ती पुढे सरसावली तर तो जाळीच्या उंचीवर असतानाच खाली दाबता येतो.

म्हणून खालून मारणाऱ्याचं कसब वेगळं असतं. जोराने काही साधत नाही. चेंडू जाळीच्या पट्टीवरून बोटभर अंतराने न्यायचा आणि तो दोघांच्या मधोमध टाकायचा, म्हणजे कोणी घ्यायचा हे ठरेपर्यंत ते क्षणभर थबकतात. किंवा पुढचा खेळाडू मागे सरकलेला दिसला की जाळीच्या अगदी पलीकडे हलकेच सोडायचा. फार उंच गेला तर समोरून थेट स्मॅश येतो, फार खाली राहिला तर जाळीत जातो आणि दुसरी संधी नसते.

हे सगळं बरोबरीच्या गुणावर सर्वांत तीव्र होतं. गुण टेनिससारखेच मोजतात, १५, ३०, ४०. पण ४०-४० झाले की सलग दोन गुणांची वाट बघत नाहीत, पुढचा एकच गुण गेम ठरवतो. मिश्र दुहेरीत तेव्हा पुरुषाची सर्व्हिस आली तर तो एकच चेंडू खालून, जाळीला चाटून, नेमका न्यायचा आहे.

टेनिस खेळून आलेले पहिल्यांदा इथे ठरावीक चुका करतात. रॅकेट लांब मागे नेतात आणि तेवढ्यात चेंडू वाळूत असतो. इथे रॅकेट छातीसमोर तयार ठेवावी लागते, फटका आखूड असतो. चेंडू आपल्या बाजूला येण्याआधी जाळीपलीकडे रॅकेट नेऊन मारला तर गुण जातो, जाळीला स्पर्श झाला तरी जातो. व्हॉलीबॉलची सवय असलेले जोडीदाराकडे चेंडू उडवून देतात. तेही चालत नाही, एकाच फटक्यात तो पलीकडे गेला पाहिजे.

वाद होतात ते मुख्यतः सूर मारून काढलेल्या चेंडूंवर. चेंडू आधी वाळूला टेकला की आधी रॅकेटला लागला? वाळू उडाली एवढ्यावरून काही ठरत नाही, कारण खाली घुसलेली रॅकेटही वाळू उडवते. पंच नसेल तर ज्याने चेंडू काढला त्यालाच बहुतेक वेळा नीट कळलेलं असतं आणि त्याने ते आपणहून सांगावं अशी अपेक्षा असते. रेषांचा प्रश्न त्या मानाने सोपा. त्या वाळूवर ताणलेल्या रंगीत पट्ट्या असतात आणि चेंडू पट्टीला लागला तर तो आतच धरतात.

पुरुषांच्या वरच्या दर्जाच्या दुहेरीत डोक्यावरची सर्व्हिस खुली असते. तिथे जाळी आता १.८० मीटरवर बांधतात. वरच्या हिशेबात हे दहा सेंटिमीटर घातले तर तसाच आडवा मारलेला चेंडू जाळी ओलांडायला ताशी ८० किलोमीटरच्या वर न्यावा लागतो, आणि तो थेट बेसलाइनवरच पडतो, आत जागा जवळजवळ उरतच नाही.