आम्ल घातले आणि पीएच आठ?

एनसीईआरटीच्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात, समतोलाच्या प्रकरणात एक छोटासा प्रश्न आहे. १० चा उणे आठवा घात इतक्या मोलर संहतीच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच काढा. हायड्रोक्लोरिक हे तीव्र आम्ल, म्हणजे पाण्यात पडताच त्याचा जवळपास प्रत्येक रेणू हायड्रोजन आयन मोकळा करतो. पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीचा उणे लॉगरिदम. घात उणे आठ, तेव्हा पीएच आठ. पुस्तक मिटायला हरकत नाही.

पण हे उत्तर नुसते चुकलेले नाही, ते अशक्य आहे. खोलीच्या तापमानाला पीएच सातच्या वर गेला की द्रावण आम्लारिधर्मी, साबणाच्या पाण्याच्या बाजूचे. शुद्ध पाण्यात आम्ल टाकून ते आम्लारिधर्मी झाले, असे हे उत्तर सांगते. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि निष्कर्ष निसर्गात कधीच न घडणारा. असे झाले की गणित मांडताना कोणीतरी मोजायचे राहून गेले आहे, असे समजावे. इथे राहिले आहे ते खुद्द पाणी.

पाण्याचे रेणू सतत एकमेकांवर आदळत असतात, आणि त्या धडपडीत एखादा रेणू फुटून त्याचा हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन होतो. क्षणात ते पुन्हा जुळतात, दुसरीकडे दुसरा रेणू फुटतो. पंचवीस अंश सेल्सिअसला कोणत्याही क्षणी साधारण पंचावन्न कोटी रेणूंमागे एक अशा फुटलेल्या अवस्थेत सापडतो. फ्रीडरिख कोलराउश आणि अडोल्फ हायडवायलर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये निर्वात भांड्यात पाण्याचे पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन केले. अशुद्धी जातील तशी पाण्याची विद्युतवाहकता घटत गेली, पण शून्य झाली नाही. उरलेली किंचित वाहकता पाण्याच्या स्वतःच्या आयनांची होती. पीएच ही मोजपट्टी त्यानंतर आली, १९०९ मध्ये. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसन यांनी ती मांडली.

पंचावन्न कोटींत एक म्हणजे नगण्यच. तरी एका लिटरमध्ये ते १०० नॅनोमोल हायड्रोजन आयन भरतात आणि तितकेच हायड्रॉक्साइड आयन. मोलचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमोल. या एककात हे सगळे गणित फार सोपे होते, म्हणून पुढे तेच वापरू. पुस्तकातले आम्ल मोजायचे तर ते लिटरला फक्त १० नॅनोमोल. प्रयोगशाळेतल्या संपृक्त हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकच थेंब घेऊन इतके विरल द्रावण करायचे तर सुमारे साठ हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. इतक्या पाण्यात पाण्याचे स्वतःचे आयन थेंबातल्या आयनांच्या दहापट असतात. पीएच आठ काढणाऱ्याने ते दहापट आयन सोडून दिले आणि एकपट तेवढे मोजले.

आता साहजिक वाटेल की दोन्हींची बेरीज करावी. १०० आणि १० मिळून ११०, त्याचा पीएच येतो ६.९६. हे उत्तर बरेच जवळचे आहे, निदान ते आम्लाच्या बाजूला तरी आहे. तरीही त्यात एक खोट राहते, आणि या प्रश्नातली खरी गंमत त्या खोटीतच आहे.

पाण्यातल्या हायड्रोजन आयनांची आणि हायड्रॉक्साइड आयनांची संहती एकमेकींशी बांधलेली असते. ठरावीक तापमानाला त्यांचा गुणाकार बदलत नाही. पंचवीस अंशाला, आपल्या एककात, तो १०० गुणिले १००, म्हणजे दहा हजार. साध्या बेरजेत हायड्रोजन ११० आणि हायड्रॉक्साइड १०० धरले, तर गुणाकार अकरा हजार होतो. पाणी तो टिकू देत नाही. बाहेरून हायड्रोजन आयन आले की त्यांची हायड्रॉक्साइडशी गाठ पडण्याची शक्यता वाढते, अधिक जोड्या जुळून त्यांचे पाणी होते, आणि गुणाकार पुन्हा दहा हजारांवर येईपर्यंत हे चालते. म्हणजे आम्ल आले की पाण्याचे स्वतःचे आयनीभवन थोडे मागे सरते. ते किती सरते, तेवढे काढायचे.

पाण्याने आता दिलेले हायड्रॉक्साइड आयन 'क्ष' मानू. पाण्याचा रेणू फुटला की दोन्ही आयन जोडीने येतात, म्हणून पाण्याकडून आलेले हायड्रोजन आयनही क्षच. आम्लाचे १० त्यात मिळवले की एकूण हायड्रोजन आयन क्ष अधिक १०. हीच गोष्ट विद्युतप्रभाराच्या हिशोबाने पडताळता येते. द्रावण एकंदर प्रभारहीन राहायचे, तर धन बाजूचे हायड्रोजन आयन हे ऋण बाजूच्या क्लोराइड आणि हायड्रॉक्साइड यांच्या बेरजेइतके हवेत. क्लोराइड १०, हायड्रॉक्साइड क्ष. हिशोब जुळतो.

क्ष × (क्ष + १०) = १०,०००

शाळेत शिकलेली पूर्ण वर्गाची रीत इथे पुरते. दोन्ही बाजूंना २५ मिळवले की (क्ष + ५)² = १०,०२५. वर्गमूळ १००.१२५. म्हणून क्ष ९५.१२५ आणि एकूण हायड्रोजन आयन १०५.१२५. त्याचा पीएच ६.९८. शंभर आयन देणारे पाणी आता पंचाण्णवच देते. आलेल्या दहा आयनांपैकी निम्म्यांचा परिणाम पाण्याच्या या माघारीनेच पुसला, आणि एकूण वाढ दहाची न होता पाचाचीच झाली.

आम्ल दसपट वाढवून १०० नॅनोमोल केले, म्हणजे पाण्याच्या बरोबरीचे, तर चित्र फार देखणे होते. त्याच रीतीने हायड्रॉक्साइड ६१.८ आणि हायड्रोजन १६१.८ येतात. पीएच ६.७९. गणिताची आवड असलेल्यांना १.६१८ हा आकडा ओळखीचा वाटेल. तो सुवर्ण गुणोत्तराचा आकडा आहे, आणि तो इथे योगायोगाने आलेला नाही, कारण समीकरणच तेच आहे. आणखी दसपट, म्हणजे १,००० नॅनोमोल आम्ल घेतले की पाण्याचा वाटा दहाच्याही खाली जातो, एकूण हायड्रोजन १,००९.९ होतात आणि पीएच ५.९९६ येतो. सरळ सूत्र सहा सांगते. इथून पुढे पाणी विसरले तरी चालते. त्याच्या उलट टोकाला, फक्त एक नॅनोमोल आम्ल असेल तर पीएच ६.९९८. आम्ल कितीही विरळ करत गेले तरी आकडा सातच्या जवळ जवळ सरकतो, ओलांडत मात्र नाही.

मात्र 'सात' ही पंचवीस अंशाची गोष्ट आहे. रेणू फोडायला उष्णता लागते, म्हणून थंड पाणी कमी फुटते. शून्य अंशाला तो दहा हजारांचा गुणाकार सुमारे १,१४० वर येतो आणि शुद्ध पाण्याचा पीएच ७.४७ होतो. त्यात तेच १० नॅनोमोल आम्ल घातले, तर हायड्रोजन ३९.१, हायड्रॉक्साइड २९.१ आणि पीएच ७.४१. आकडा सातच्या वर, तरीही द्रावण आम्लधर्मी, कारण हायड्रोजन आयन हायड्रॉक्साइडपेक्षा जास्त आहेत. 'पीएच सातच्या वर म्हणजे आम्ल नाही' हे घोटून घेतलेले वाक्य इथे उपयोगाचे नाही. आम्ल जी रेषा ओलांडत नाही ती उदासीनतेची असते, आणि ती रेषा तापमानाबरोबर हलते.

मग हे ६.९८ प्रयोगशाळेत पीएच मीटरवर दिसेल का? उघड्या चंचुपात्रात दिसणार नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होते आणि उघड्यावर ठेवलेल्या शुद्ध पाण्याचा पीएच ५.६ च्या आसपास उतरतो. म्हणजे हवेने अडीच हजार नॅनोमोलच्या घरात हायड्रोजन आयन आणले. त्या गर्दीत आपले दहा कोण शोधणार? शिवाय इतक्या शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम वाहते, त्यामुळे काचेच्या इलेक्ट्रोडचे वाचन स्थिर होत नाही, आणि इलेक्ट्रोडमधून पाझरणारे पोटॅशियम क्लोराइड नमुन्यात मिसळते ते वेगळेच. मीटरवरचा आकडा मिनिटागणिक खाली घसरत असेल, तर हवा आत शिरते आहे असे खुशाल समजावे.

हवेपासून बंद अशा वाहत्या नळीत, पीएचऐवजी वाहकता मोजली, तर मात्र हे समीकरण डोळ्यांनी पाहता येते. औष्णिक वीज केंद्रांत ते रोजचे काम आहे. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरची एखादी नळी झिरपली की थंड करण्याचे खारे पाणी बॉयलरच्या पाण्यात येते, आणि क्लोराइडमुळे पोलाद कुरतडले जाते. गळती सुरुवातीलाच कळायला हवी. पण गंज टाळण्यासाठी त्या पाण्यात मुद्दाम अमोनिया घातलेला असतो आणि त्याच्या वाहकतेत क्लोराइड लपते. म्हणून नमुना आधी कॅटायन रेझिनच्या स्तंभातून नेतात. अमोनियम आणि सोडियम तिथे अडकतात, त्यांच्या जागी हायड्रोजन आयन सुटतात, आणि मिठाचे रूपांतर अत्यंत विरल हायड्रोक्लोरिक आम्लात होते. पुस्तकातला प्रश्नच जणू नळीतून वाहू लागतो. या मोजमापाला तिथे कॅटायन कंडक्टिव्हिटी म्हणतात.

पंचवीस अंशाला शुद्ध पाण्याची वाहकता सेंटिमीटरला ०.०५४८ मायक्रोसीमेन्स असते. लिटरमध्ये १० नॅनोमोल आम्ल, म्हणजे क्लोराइड जेमतेम ०.३५ मायक्रोग्रॅम, आले की साध्या बेरजेने ती ०.०५९१ व्हायला हवी. प्रत्यक्षात ती ०.०५६४ वरच थांबते, कारण पाण्याने आपले काही आयन मागे घेतलेले असतात. फरक तिसऱ्या दशांश स्थळावरचा दिसतो, पण ज्याला क्लोराइड मोजायचे आहे त्याच्यासाठी तो मोठा आहे. वाचनातून शुद्ध पाण्याची वाहकता सरळ वजा करून क्लोराइड काढले, तर उत्तर खऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास येते. गळती आहे त्याहून किरकोळ वाटते. आम्ल १,००० नॅनोमोलपर्यंत पोहोचले की वाहकता ०.४३ च्या वर जाते आणि ही चूक दहा-बारा टक्क्यांवर येते, पण तोवर गळती लपून राहण्याजोगी उरलेली नसते. म्हणून अशा ठिकाणच्या वाहकतामापकांत पाण्याचा तापमानानुसार बदलणारा गुणाकार भरलेला असतो, आणि वाचन पंचवीस अंशावर आणताना ते पाण्याचे स्वतःचे आयनही हिशोबात धरतात.