बोटांखाली वीसच घरं: ऑटोमॅटिक उत्तर कसं लिहावं

या भागाची सुरुवात वाणगावहून. तिथले आपले एक वाचक (हो, वाचकच, त्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, म्हणून ते हा लिखित भाग वाचतात) ब्रेल डिस्प्ले वापरतात. फोनला जोडलेली छोटी पेटी, तिच्यावर एका ओळीत वीस घरं. प्रत्येक घरातले ठिपके वर-खाली होतात. ओळ वाचून झाली की बटण दाबायचं, मग पुढची ओळ येते.

त्यांनी विजेची तक्रार केली. लगेच ऑटोमॅटिक उत्तर आलं. ते बोटांखाली असं उमटलं:

प्रिय ग्राहक, आपल्या
तक्रारीबद्दल आम्ही
दिलगीर आहोत. आपली
तक्रार क्रमांक ४४७१
अन्वये नोंदविण्यात
आली असून ती दोन
दिवसांत सोडवली जाईल.

सात ओळी. तक्रार नोंदली की फेटाळली, हे कळायला सहावी ओळ यावी लागते! डोळस माणूस नजर टाकून नंबर शोधतो. इथे मागची ओळ पुसली जाते, ती लक्षात ठेवूनच पुढे जायचं.

मराठीत जागा जास्त का लागते? भारती ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकाला वेगळं घर. जोडाक्षर असेल तर त्याच्या खुणेचं आणखी एक. ‘प्रिय’ कागदावर दोन अक्षरं, ब्रेलमध्ये पाच घरं. ४४७१ लाही पाच, कारण आकड्यांआधी अंकचिन्ह येतं.

आता तेच उत्तर असं बघा:

तक्रार नोंदली.
क्रमांक ४४७१
दोन दिवसांत सुटेल.

चौदा, तेरा आणि अठरा घरं. निकाल आधी, आणि एका ओळीत एकच गोष्ट. दिलगिरी हवीच असेल तर शेवटी घाला, माझी हरकत नाही.

पण एक गफलत होते. काहीजण लांबच वाक्य ठेवतात आणि दर वीस घरांनी एंटर मारतात. चाळीस घरांचा डिस्प्ले असणाऱ्याची मग निम्मी पट्टी रिकामी जाते. वाक्यच छोटं करा; ओळ कुठे मोडायची ते यंत्र बघेल.

सजावटीच्या रेघा, चांदण्या तर नकोतच. वीस डॅशची रेघ म्हणजे एक अख्खी ओळ, हाती काहीच नाही. इमोजीच्या जागी बऱ्याचदा त्याचं नाव उमटतं. हात जोडलेले तीन इमोजी म्हणजे तेच शब्द तीनदा. तीन-चार रिकाम्या ओळी सोडल्या तर बोटाला सपाट पट्टी लागते आणि निरोप संपला असं वाटतं. तक्ताही टाळा: ‘तारीख’ हे शीर्षक मागे पडलेलं असतं आणि बोटाखाली नुसता ‘१२’ येतो. ‘तारीख १२’ असं जोडीनेच लिहा.

तपासायचं असेल तर पोस्टकार्डाला एक खाच पाडा, साधारण एका छोट्या ओळीएवढी. आपलं उत्तर त्या खाचेतूनच वाचा, मागे न वळता.