साठ हजारांची पुडी

ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत पूरक गोळ्यांवर व्याख्यान ठेवले की श्रोत्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, ‘चांगली कोणती?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नसते. तीच गोळी एकाला लागते, दुसऱ्याला निरुपयोगी ठरते आणि तिसऱ्याला बाधते. हा फरक कशामुळे पडतो हे समजून घ्यायचे तर ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुडीइतके सोयीचे उदाहरण नाही, कारण ती जवळपास प्रत्येक घरात येऊन गेलेली असते.

औषधाच्या दुकानात ती पुडी, कॅप्सूल किंवा छोटी पिण्याची बाटली अशा रूपांत मिळते आणि तिच्यावर 60,000 आययू असे छापलेले असते. आययू म्हणजे जीवनसत्त्व मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाची ‘ड’ची रोजची गरज 600 आययू आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज 4,000 च्या वर जाऊ नये, अशी मर्यादा आहे. म्हणजे एका पुडीत 100 दिवसांची गरज भरलेली असते. ती तशीच असायला हवी, कारण ती रोज घेण्यासाठी बनवलेलीच नाही. रक्तात ‘ड’ कमी आढळले तर डॉक्टर साधारणपणे आठवड्याला एक अशा आठ पुड्या देतात. साठा भरून निघाला की महिन्याला एक पुरते, म्हणजे दिवसाला सरासरी 2,000 आययू.

इथपर्यंत सगळे ठीक असते. गडबड होते ती चिठ्ठीवरचे ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द घरी पोहोचेपर्यंत गळून पडतात तेव्हा. पुडी दुधात घालून घ्यायची, दूध रोज प्यायचे, म्हणून पुडीही रोज. किंवा आठ आठवडे संपले तरी ‘आता थांबा’ असे कोणी सांगितलेले नसते आणि दुकानदार जुनी चिठ्ठी पाहून पुन्हा देतो. ‘क’ किंवा ‘ब’ गटातली बहुतेक जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, त्यामुळे त्यांचा जादा भाग बराचसा लघवीवाटे निघून जातो. ‘ड’ चरबीत विरघळते आणि शरीरात साठून राहते. घेणे बंद केल्यावरही रक्तातली त्याची पातळी निम्म्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात.

‘ड’चे मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करणे. ते फार वाढले की रक्तातले कॅल्शियमही वाढते आणि खरा त्रास त्या कॅल्शियममुळे होतो. तोंडाची चव जाते, मळमळते, बद्धकोष्ठता होते. सारखी तहान लागते, रात्री लघवीला अनेकदा उठावे लागते, हातापायांतले बळ गेल्यासारखे वाटते. पुढे बोलण्यात विसंगती येते, माणूस गुंगीत राहतो. ही यादी ऐकून सभागृहातले निम्मे लोक ‘हे तर वयच झाले’ असे म्हणतील, आणि निदान लांबते ते नेमके याच समजुतीमुळे. बद्धकोष्ठतेवर इसबगोल सुरू होते, तहान मधुमेहाच्या खात्यावर जाते आणि अशक्तपणा वाटतो म्हणून आणखी एखादे टॉनिक आणले जाते, ज्यात पुन्हा ‘ड’ आणि कॅल्शियम असते.

एक नमुना उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, 72 वर्षांच्या एका आजींना हाडांच्या डॉक्टरांनी आठ पुड्या आणि रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. आठ आठवड्यांत त्यांच्या पोटात 4,80,000 आययू जायला हवे होते. आजींनी पुडी रोज घेतली आणि दोन महिन्यांत, म्हणजे 60 दिवसांत, 36 लाख आययू घेतले; ठरलेल्याच्या साडेसात पट. कॅल्शियमच्या गोळीतही बऱ्याचदा ‘ड’ असते. अशा एका गोळीत 250 आययू धरले तर दिवसाचे 500 तिथून आले. अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेल्या बाटलीवर 125 मायक्रोग्रॅम असे लिहिलेले होते. हा आकडा लहान दिसतो म्हणून निर्धास्त वाटते, पण 1 मायक्रोग्रॅम ‘ड’ म्हणजे 40 आययू. त्या एका कॅप्सूलमध्ये 5,000 आययू निघाले. तीन ठिकाणांहून एकच वस्तू येत होती आणि तिन्हींची नावे वेगळी होती.

त्यात आजींच्या रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध होते. या गटातली औषधे लघवीतून बाहेर पडणारे कॅल्शियम कमी करतात. रक्तदाबासाठी ते औषध योग्यच होते आणि एरवी त्याने काही बिघडले नसते. पण एका बाजूने कॅल्शियम जास्त शोषले जात होते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाण्याची वाट अरुंद झाली होती. हाडांच्या डॉक्टरांना रक्तदाबाची गोळी माहीत नव्हती, रक्तदाबाच्या डॉक्टरांना पुडी माहीत नव्हती आणि अमेरिकेची बाटली दोघांनाही माहीत नव्हती. इथे कोणत्याही एका डॉक्टरची चूक काढता येत नाही.

अशा वेळी निदानाला मोठ्या तपासण्या लागत नाहीत. रक्तातले कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि ‘ड’ची पातळी एवढे बहुधा पुरते. कॅल्शियम सर्वसाधारणपणे 8.5 ते 10.5 मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. ते वर गेलेले दिसले की शंका येते. ‘ड’ची पातळी 150 नॅनोग्रॅमच्या पुढे असेल तर विषबाधेची शक्यता धरली जाते. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर मूत्रपिंडावर ताण आला आहे. उपचारात ‘ड’ आणि कॅल्शियम लगेच बंद करतात, गरजेनुसार सलाइन लावतात आणि काही रुग्णांना इतर औषधे देतात. साठा हळूहळू उतरत असल्याने कॅल्शियम ताळ्यावर यायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. आधीच मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी या बाबतीत विशेष जपले पाहिजे, कारण वाढलेल्या कॅल्शियमसोबत डिगॉक्सिन घेतल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

हे ऐकून पुडी कचऱ्यात टाकणे हीसुद्धा तितकीच चुकीची प्रतिक्रिया आहे. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाला ‘ड’ आणि कॅल्शियम खरोखर लागते आणि डॉक्टरांनी दिलेले औषध परस्पर बंद करण्यातही धोका असतो. विचारायचे ते एवढेच की कधीपर्यंत घ्यायचे आणि पुढची तपासणी केव्हा करायची. कॅल्शियमच्या बाबतीत आहारातून किती मिळते तेही सांगावे. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण 350 मिलिग्रॅम आणि पेलाभर दुधात 250 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. रोज दूध-दही घेणाऱ्या आणि नाचणीची भाकरी खाणाऱ्या माणसाला दोन गोळ्यांची गरज नसेलही.

कधी कधी प्रमाण बरोबर असूनही वेळ चुकते. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी आणि अर्ध्या तासाने न्याहारीबरोबर कॅल्शियम, हा क्रम अनेक घरांत दिसतो. आतड्यात कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाला धरून ठेवते आणि ते पुरेसे शोषले जात नाही. लोहाच्या गोळीचेही तसेच आहे. दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवायचे असते, म्हणून कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर घेणे बरे. हे अंतर पाळले नाही तर टीएसएच वाढलेले दिसते आणि थायरॉइडचा डोस विनाकारण वाढवला जातो. पुढे कॅल्शियम बंद झाले की तोच वाढवलेला डोस जास्त होतो आणि छातीत धडधड सुरू होते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या डोसाने तर काही प्रयोगशाळांत थायरॉइडचा अहवालच चुकीचा येऊ शकतो. रक्त देण्यापूर्वी त्याचा उल्लेख करायला हवा.

गोळीच्या रूपात नसलेल्या वस्तू तर मोजल्याच जात नाहीत. ‘आणखी काही घेता का?’ असे डॉक्टरांनी विचारले तर काढा, चूर्ण किंवा रस यांचे नाव कोणी काढत नाही, कारण ते औषध वाटत नाही. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल किंवा माशाच्या तेलाचे मोठे डोस विचारल्याशिवाय सुरू करू नयेत, रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते. भाजीतली हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला दाट अर्क वेगळा. कोविडच्या काळात गुळवेल घराघरांत पोहोचली, तेव्हा ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. हा वाद कोणाच्याही बाजूने असो, काढा चालू आहे हे डॉक्टरांना कळायला हवे, याला दोन्ही पक्षांची हरकत नसावी.

लेबल वाचण्याची सवय उपयोगी आहे, पण तिची मर्यादाही ओळखावी. डब्यावर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याने अन्न आहे, औषध नाही. 2016 च्या नियमांनुसार अशा डब्यावर ती औषधी वापरासाठी नसल्याचे आणि सांगितलेल्या रोजच्या प्रमाणाबाहेर न घेण्याचे छापावे लागते. अमेरिकेतही 1994 च्या कायद्यानुसार पूरक पदार्थ बाजारात येण्यापूर्वी त्यांचा सुरक्षितपणा आणि गुण सरकारपुढे सिद्ध करावे लागत नाहीत, त्यामुळे ‘फॉरेनची बाटली’ ही काही हमी नव्हे. तुमच्या इतर गोळ्यांशी या डब्याचे जमेल का, हे तर कोणत्याही देशातल्या लेबलवर लिहिलेले नसते.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना यादी पाठ करण्यापेक्षा एका कापडी पिशवीत घरातले सगळे भरून न्यावे: रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्या, पुड्या, टॉनिकची बाटली, काढ्याचे पाकीट, मुलाने पाठवलेला डबा आणि शेजाऱ्यांनी दिलेली चार कॅप्सूलसुद्धा. डॉक्टरांना वेळ नसेल तर निदान प्रत्येकाच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून दाखवावा. मग विचारायचे प्रश्न थोडेच उरतात. हे मला कशासाठी लागते? आधी रक्त तपासायचे का? माझ्या मूत्रपिंडाला चालेल का? दिवसात केव्हा आणि किती दिवस? उत्तर चिठ्ठीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून मागायला संकोच करू नये. पुडी आठवड्याची असेल तर वार ठरवून कॅलेंडरवर त्या तारखांना आधीच गोल करावा आणि शेवटच्या गोलाजवळ ‘बंद, तपासणी’ असे लिहावे.

एखाद्या औषधाने किंवा पूरक गोळीने त्रास झाल्याची शंका आली तर डॉक्टरांना दाखवल्यानंतर रुग्णाला किंवा नातेवाइकांनाही त्याची नोंद करता येते. गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग त्यासाठी देशभरातून माहिती गोळा करतो आणि त्याचा निःशुल्क क्रमांक 1800-180-3024 आहे.